स्लॅबला पाणी मारायचं ते कशासाठी, किती दिवस आणि कसं

काँक्रीटचे नमुन्याचे क्यूब लॅबमध्ये पास झाले म्हणजे स्लॅब पास झाला, असं साइटवर सर्रास धरलं जातं. पण क्यूब २७ अंशांच्या आसपास तापमान राखलेल्या टाकीत, पूर्ण पाण्याखाली २८ दिवस ठेवलेला असतो. त्याच गाडीतून आलेलं काँक्रीट ज्या स्लॅबमध्ये पडलं, त्यावर त्या काळात ऊन पडत असतं, दुपारचा वारा फिरत असतो आणि वॉचमनला आठवण झाली तरच पाइप फिरतो. क्यूबचा रिपोर्ट फक्त माल कसा होता ते सांगतो. त्या मालाचं पुढे काय केलं, हे त्यात कुठेच उमटत नाही. हे पाणी मारणं, म्हणजे क्युरिंग, चुकवलं तरी कागदावर काही दिसत नाही आणि त्यामुळेच ते इतक्या सहज चुकवलं जातं.

मुंबईत आणखी एक समजूत आहे: इथली हवा दमटच आहे, मग पाणी कशाला? सिमेंट आणि पाण्याची प्रक्रिया, म्हणजे हायड्रेशन, काँक्रीटच्या छिद्रांमधली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली गेली की जवळजवळ थांबते. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईची हवा घाम काढण्याइतकी दमट असली तरी दुपारी त्या पातळीच्या खालीच असते. हिवाळ्यात पूर्वेकडून कोरडे वारे सुटले की ती आणखी बरीच खाली येते. शिवाय उन्हात तापलेल्या स्लॅबचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी गरम असतो. दमट हवेमुळे बाष्पीभवन मंदावतं, थांबत नाही.

पाणी मिक्समध्ये असतंच, मग वरून का?

५० किलोची एक गोणी घेऊ. समुद्राच्या हवेत उघड्या राहणाऱ्या आरसीसीसाठी काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ किमान एम ३० ग्रेड आणि पाणी-सिमेंटचं प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ सांगतं. म्हणजे गोणीमागे साडेबावीस लिटर पाणी. त्या गोणीतलं सगळं सिमेंट पूर्ण हायड्रेट व्हायचं तर साधारण ११-१२ लिटर पाणी रासायनिकरीत्या बांधलं जातं आणि आणखी ७ ते ९ लिटर तयार झालेल्या जेलमध्ये अडकून बसतं. हिशेबाने पाणी पुरेसं आहे, अगदी थोडं उरतंसुद्धा. अडचण एवढीच की ही प्रक्रिया व्हायला आठवडे लागतात आणि पाणी पहिल्या दिवसापासून पृष्ठभागातून उडून जायला लागतं. क्युरिंग म्हणजे आत असलेलं पाणी बाहेर जाऊ न देणं आणि गेलेलं भरून काढणं.

सिमेंट कोणतं यावर दिवस ठरतात. आयएस ४५६ नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटला, म्हणजे ओपीसीला, किमान ७ दिवस. राख मिसळलेलं पीपीसी, स्लॅग सिमेंट, किंवा फ्लाय अ‍ॅश वा दळलेला स्लॅग, म्हणजे जीजीबीएस, घातलेलं काँक्रीट असेल तर किमान १० दिवस, आणि ते १४ पर्यंत वाढवावेत अशी शिफारस. मुंबईत दुकानातून येणारी गोणी बहुधा पीपीसीची असते आणि तयार काँक्रीटच्या, म्हणजे आरएमसीच्या, गाडीत फ्लाय अ‍ॅश किंवा जीजीबीएस असण्याची शक्यता मोठी. त्यामुळे "सात दिवस पाणी मारलं की झालं" हा जुना नियम इथे बहुतेक वेळा लागूच होत नाही. फ्लाय अ‍ॅशचं काम उशिरा सुरू होतं. आधी सिमेंटमधून चुना सुटतो, मग राख त्याच्याशी संयोग पावून छिद्रं भरते. ही दुसरी पायरी ऐन भरात येत असताना पाणी बंद केलं, तर राख नुसती भर म्हणून आत पडून राहते. गोणीवरचं नाव आणि आरएमसीचं चलन वाचून १४ दिवस धरावेत. ओपीसी असल्याची खात्री असेल तरच कमी, आणि उन्हाळ्यात तेव्हाही १० च्या खाली नाही.

नुकसान नेमकं कुठे होतं

क्युरिंग न केल्याने स्लॅब कोसळतो, असं क्वचितच घडतं. १२५ मिलिमीटर जाड स्लॅबच्या मधल्या भागात पाणी बऱ्यापैकी टिकून राहतं आणि तिथलं काँक्रीट ठीकठाक ताकद घेतं. सुकतो तो बाहेरचा थर, वरून-खालून दोन-चार सेंटिमीटर. नेमका तेवढाच थर सळईचं कव्हर असतो.

ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं आणि त्या अल्कतेमुळे सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून आत शिरत जातो आणि ही अल्कता संपवत जातो. याला कार्बोनेशन म्हणतात. ते किती खोल गेलं, हे साधारण वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. समजा, नीट क्युअर केलेल्या काँक्रीटचा गुणांक ३ आहे, म्हणजे पहिल्या वर्षात ३ मिलिमीटर. २५ मिलिमीटर कव्हर ओलांडायला त्याला सुमारे ७० वर्षं लागतील. क्युरिंग न केल्याने कव्हर सच्छिद्र राहून तोच गुणांक ६ झाला, तर सुमारे १७ वर्षं. गुणांक दुप्पट झाला की आयुष्य निम्मं होत नाही, चौथ्या हिश्शावर येतं. समुद्राच्या हवेतले क्लोराइडही त्याच छिद्रांतून आत येतात आणि ते तर अल्कता शाबूत असतानाही गंज सुरू करू शकतात. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असतं, त्यामुळे कव्हर आतून ढकललं जाऊन फुटतं. वीस वर्षांच्या इमारतीत बाल्कनीच्या छताचे पोपडे पडून सळया दिसायला लागतात, त्याला दरवेळी "खारी हवा" जबाबदार धरली जाते. हवा खारी आहेच, पण तिला आत यायला वाट बऱ्याचदा पहिल्या पंधरवड्यातच मिळालेली असते.

एक स्लॅब, पहिल्या तासापासून

गच्चीचा १० बाय ६ मीटरचा, १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब घेऊ. क्षेत्रफळ ६० चौरस मीटर, काँक्रीट साडेसात घनमीटर. एप्रिल महिना, सकाळी आठला सुरुवात, दुपारी एकला काम संपलं.

पहिला धोका क्युरिंग सुरू होण्याच्याही आधी असतो. रंधा मारून झाल्यावर पृष्ठभागावर पाण्याची चकाकी दिसते. खालून वर येणाऱ्या पाण्यापेक्षा उडून जाणारं पाणी जास्त झालं की ती चकाकी जाते आणि ओलं काँक्रीट ताणलं जाऊन फाटतं. चौरस मीटरमागे तासाला १ लिटरच्या आसपास पाणी उडायला लागलं की हा धोका ठळक होतो. भर उन्हात जोराचा वारा असेल तर गच्चीवर ते अवघड नाही. या भेगा काही तासांतच दिसतात, एकमेकींना साधारण समांतर, बऱ्याचदा तिरक्या, आणि स्लॅबच्या कडेपर्यंत सहसा जात नाहीत. उपाय सोपा आहे. जेवढा भाग फिनिश होईल तेवढ्यावर लगेच प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि कडांना विटा किंवा फळ्या ठेवायच्या. काँक्रीट अजून मऊ असताना भेग दिसली, तर रंध्याने ठोकून पुन्हा मिटवता येते. वरून कोरडं सिमेंट शिंपडून ती झाकायची सवय मात्र वाईट. तो थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो.

या टप्प्यात पाइपने पाणी सोडायचं नाही. वरचं सिमेंट धुऊन जातं आणि वाळू उघडी पडते. अंगठा जोरात दाबूनही ठसा उमटेनासा झाला की ओलं गोणपाट अंथरायला हरकत नाही. आपल्या स्लॅबवर ती वेळ संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान येईल. घट्ट होणं लांबवणारं रिटार्डर घातलेलं आरएमसी असेल तर आणखी उशीर. प्लास्टिक उचलायचं, आधीच भिजवून ठेवलेलं गोणपाट पसरायचं, त्यावर झारीने किंवा बारीक फवाऱ्याने पाणी आणि वरून तेच प्लास्टिक पुन्हा. ही पहिली रात्र बहुतेक साइटवर कोरडी जाते, कारण सेंट्रिंगवाले आणि काँक्रीटची गँग दुपारीच निघून गेलेली असते. संध्याकाळी थांबायला कोण आहे, हे सकाळी काम सुरू होण्याआधी ठरलेलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफे बांधायचे. सिमेंटच्या एका भागाला वाळूचे आठ ते दहा भाग असा हलका मसाला घ्यायचा, म्हणजे नंतर थापीने सहज निघतो. माती वापरू नये, डाग पडतात आणि पुढे वॉटरप्रूफिंग चिकटत नाही. ७५ मिलिमीटर उंचीच्या पाळ्यांनी अडीच बाय तीन मीटरचे आठ वाफे होतात. पूर्ण गच्चीचा एकच मोठा हौद करू नये. पाळी एका ठिकाणी फुटली तर सगळं पाणी जातं, आणि स्लॅबला उतार असेल तर वरची बाजू कोरडी राहते.

४० मिलिमीटर पाणी भरलं तर एका वाफ्यात ३०० लिटर आणि सगळे मिळून २,४०० लिटर. वजन चौरस मीटरला ४० किलो, टेकू असलेल्या स्लॅबला ते काहीच नाही. उन्हाळ्यात दिवसाला ५-६ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर रोज ३६० लिटरची भर लागेल. पाळीवर खिळ्याने रेघ ओढून ठेवावी आणि पातळी दुपारी बघावी. संध्याकाळी बघितलं तर कोरडी गेलेली दुपार कळतच नाही. एखाद्या वाफ्याची पातळी दिवसात १५-२० मिलिमीटर उतरत असेल तर तिथे गळती आहे. पाळी ठीक असेल तर त्या जागेच्या खाली जाऊन प्लायच्या सांध्यातून ठिबकतंय का ते बघावं आणि जागा खडूने खुणावून ठेवावी. सेंट्रिंग खोलल्यावर तिथे हनीकोंब, म्हणजे पोकळ राहिलेलं काँक्रीट, किंवा आरपार भेग सापडण्याची दाट शक्यता असते. वॉटरप्रूफिंगच्या आधी ही चाचणी फुकटात होते.

सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवणं हा वाफ्यांना पर्याय नाही. तापलेल्या स्लॅबवर मारलेलं पाणी बघता बघता सुकतं. सारखं ओलं-कोरडं होत राहिलं की पृष्ठभाग फुगतो, आक्रसतो आणि त्यावर जाळीसारख्या बारीक भेगा येतात. भर दुपारी तापलेल्या काँक्रीटवर एकदम गार पाणी ओतणंही त्याच कारणाने टाळावं. दोघांच्या तापमानात ११ अंशांहून जास्त फरक नसावा, असा संकेत आहे. वाफ्यात पाणी कायम असेल तर हा प्रश्नच येत नाही.

पाणी कुठलं, आणि डासांचं काय

टँकरचं पाणी पुष्कळदा बोअरचं असतं आणि मुंबईत, विशेषतः किनाऱ्याजवळ, ते खारं निघू शकतं. काँक्रीटमध्ये घालायच्या पाण्यासाठी आरसीसीला क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. क्युरिंगलाही तीच लावावी आणि समुद्राचं पाणी तर अजिबात नको. वाफ्यात हा मुद्दा आणखी महत्त्वाचा, कारण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. रोज खाऱ्या पाण्याची भर घालत गेलं की चौदाव्या दिवशी वाफ्यातलं पाणी टँकरमधल्यापेक्षा कितीतरी खारं झालेलं असतं. टँकर ठरवताना एकदा लॅबमधून क्लोराइडची तपासणी करून घ्यावी. टीडीएस मीटर क्लोराइड वेगळं दाखवत नाही, पण आकडा हजारच्या वर गेला तर तपासणीशिवाय ते पाणी घेऊ नये.

दुसरी अडचण खास मुंबईची. साइटवर साचलेलं क्युरिंगचं पाणी ही मलेरिया पसरवणाऱ्या डासांची ठरलेली जागा आहे आणि महापालिकेचा कीटकनाशक विभाग ते तपासतो. अंड्यापासून डास व्हायला या हवेत आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे १४ दिवसांच्या क्युरिंगमध्ये एक पिढी आरामात उडून जाईल. म्हणून दर चौथ्या दिवशी वाफे पूर्ण रिकामे करून झाडूने घासायचे आणि तासाभरात पुन्हा भरायचे. काढलेलं पाणी ड्रममध्ये साठवायचं नाही. ते लगेच कॉलमच्या गोणपाटावर आणि नव्या बांधकामावर टाकायचं, तिथे अळ्या जगत नाहीत. जळकं ऑइल टाकायचा शॉर्टकट नको, त्याच्या थरावर पुढचा कोबा पकड घेत नाही.

आता पाण्याचा हिशेब: पहिली भरणी २,४००, चौदा दिवसांची भर सुमारे ५,०००, तीन वेळा बदलायला ७,२००. एकूण साडेचौदा हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचा दीड टँकर. पाणी इतकं मिळणार नसेल तर वाफे सोडून जाड गोणपाटाचे दोन थर आणि वर प्लास्टिक, असं करावं. पाणी बरंच वाचतं, डास होत नाहीत. मात्र प्लास्टिक वाऱ्याने उडतं आणि दिवसातून दोन-तीनदा हात घालून गोणपाट ओलं आहे का ते बघावं लागतं.

स्लॅबची खालची बाजू

याकडे जवळपास कुणाचं लक्ष नसतं. गच्चीवर पाणी तुंबवलं की स्लॅब क्युअर होतोय असं वाटतं, पण स्लॅबच्या गाळ्याच्या मधोमध मुख्य सळई असते खालच्या बाजूला आणि पोपडेही तिथूनच पडतात. खालचा भाग क्युअर होतो तो सेंट्रिंगमुळे. घट्ट बसलेला प्लाय पाणी बाहेर जाऊ देत नाही. आयएस ४५६ ओपीसीसाठी, टेकू लगेच पुन्हा लावणार असाल तर, स्लॅबखालचा प्लाय ३ दिवसांनी काढायची मुभा देतं. टेकू मात्र साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस आणि त्याहून मोठ्याला १४ दिवस. ही मुदत भार पेलण्याच्या दृष्टीने आहे. तिसऱ्या दिवशी प्लाय काढला तर खालच्या कव्हरचं क्युरिंग तिसऱ्याच दिवशी संपलं. परवडत असेल तर प्लाय दहा दिवस राहू द्यावा. पीपीसीला तसाही वेळ जास्तच लागतो. टॉवरच्या कामात अ‍ॅल्युमिनियमचे साचे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर जातात, तिथे छताला आणि भिंतींना साचा काढल्या काढल्या पाणी अडवणारं क्युरिंग कंपाउंड मारण्यावाचून उपाय नाही.

कॉलम आणि कंपाउंड

कॉलमचा साचा १६ ते २४ तासांत निघतो. मग चारही बाजूंनी वारा, आणि पाणी मारलं की घरंगळून खाली. कॉलमला गोणपाटाचे दोन वेढे देऊन सुतळीने दर फुटावर आवळून बांधायचं. सैल गोणपाट बाहेरून ओलं दिसतं आणि आत कॉलम कोरडा असतो. माथ्यावर तळाला बारीक भोकं पाडलेला डबा ठेवून तो दिवसातून तीन-चार वेळा भरला की ठिबक चालू राहते. बाहेरून प्लास्टिक गुंडाळलं तर दोनदा भरून भागतं. तळमजल्यावरचे, समुद्राकडे तोंड केलेले आणि पार्किंगमधले कॉलम आधी बांधावेत. पावसाळ्यातसुद्धा स्लॅबखालच्या कॉलमवर पाऊस पडत नाही, हे विसरलं जातं.

कंपाउंड नवीन पाणी देत नाही, आतलं फक्त अडवतं. म्हणून साचा काढल्यावर पृष्ठभाग आधी भिजवायचा, वरचं पाणी निथळलं की लगेच मारायचं. साधारण ४ ते ५ चौरस मीटरला एक लिटर, दोन हात एकमेकांना आडवे. दुसऱ्या दिवशी सुकलेल्या काँक्रीटवर मारलं तर पैसे वाया. मेणाच्या कंपाउंडवर गिलावा चिकटत नाही. गिलावा करायचा असेल तर तसं सांगून दुसऱ्या प्रकारचं मागवावं किंवा गोणपाटच वापरावं.

चुकलंय हे कसं ओळखायचं

सुकल्यावर तळहात घासला की पांढरी पूड येते. खिळ्याने ओरखडा काढला तर खोल चर पडते. पाण्याचा शिंतोडा पडताच शोषला जाऊन डाग गडद होतो, चांगल्या काँक्रीटवर तो थेंब काही वेळ वर टिकतो. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणाच मोजतो, त्यामुळे क्यूब पास असूनही त्याचे आकडे कमी येतात. तफावत मोठी असेल तर क्युरिंगचा संशय आधी घ्यावा. काही वर्षांनंतर फिनॉल्फथॅलिनचा एक टक्का द्राव ताज्या फोडलेल्या जागेवर टाकतात. गुलाबी झालं तिथे अल्कता शाबूत आहे. बिनरंगी पट्टा जितका जाड, तितकं कव्हर निकामी झालंय.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी चूक लक्षात आली तर त्याच तासाला पाणी सुरू करून मोजणी शून्यापासून धरावी. थांबलेलं हायड्रेशन बऱ्याच अंशी पुन्हा सुरू होतं, सगळं भरून येत नाही. महिना उलटल्यावर पाणी तुंबवून फारसं काही हाती लागत नाही. तेव्हा खर्च बाहेरून कार्बोनेशन रोखणाऱ्या लेपावर करावा आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुढे ढकलू नये. आपल्या स्लॅबसारखं क्युरिंग पूर्ण झालं असेल, तर चौदाव्या दिवशी पाळ्या काढून, खडूच्या खुणांजवळची गळती भरून, मगच कोब्याचं काम लावावं.